मदत हवी आहे: चक्कर, कानाला दडे आणि ऐकू येणं कमी-जास्त होणं

मोगरी
नवऱ्याचं वय ४४, वायरिंगची कामं घेतो. दिवाळीपासून त्याला चक्कर येते. डोळ्यांपुढे अंधारी येते तशी नव्हे, अख्खी खोली गरगर फिरते. त्याच्या आधी तासभर उजव्या कानाला दडे बसतात, आत घुंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि फोन डाव्या कानाला लावावा लागतो. मग चक्कर, उलट्या. भिंतीला टेकून डोळे मिटून बसतो. दोन-तीन तासांनी ओसरतं, पण पुढचा दिवस झोपूनच जातो. मधले दोन-तीन आठवडे एकदम ठणठणीत.

पहिल्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून 'मणक्यात गॅप' सांगितला आणि पट्टा दिला. फरक शून्य. आता कानाच्या डॉक्टरांनी मिनिएर, म्हणजे आतल्या कानाचा आजार, म्हटलंय. बीटाहिस्टीन १६ तीन वेळा, मीठ कमी, आणि एमआरआय करायला सांगितलाय. ऐकण्याची तपासणी दोनदा झाली आणि दोन्ही रिपोर्ट जुळतच नाहीत. अटॅकच्या दुसऱ्या दिवशी उजवा कान २५० हर्ट्झला ५० डेसिबल, ५०० ला ५०, १००० ला ४०, पुढे २० च्या आसपास. बारा दिवसांनी तोच कान २५, २५, २०. डावा दोन्ही वेळा १५. पहिला रिपोर्ट चुकला असेल का? आणि एमआरआय खरंच लागतो का? खर्च बराच आहे.

तात्या_कऱ्हाडकर
ताई, घाबरू नका. कानातले खडे सरकले की असंच होतं. माझ्या बहिणीला डॉक्टरांनी खाटेवर आडवं करून डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवलं, दहा मिनिटांत बरी. यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, घरीच करा. आणि साधं मीठ बंद करून सैंधव वापरा.

कर्णोपकर्णी
तात्या, बहिणीचं निदान बरोबर असणार, पण हा आजार तो नाही. खडे सरकल्यावर कूस बदलली, वर पाहिलं की चक्कर येते आणि मिनिटाच्या आत थांबते. ऐकू येण्यात फरक पडत नाही. इथे चक्कर बसल्या जागी येते, तासनतास टिकते आणि आधी कान सांगून ठेवतो.

मोगरीताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच आलेख काढते. यात आकडा मोठा म्हणजे ऐकू कमी. तुमचा पहिला रिपोर्ट चुकलेला नाही. तोच सगळ्यात कामाचा आहे, दोन्ही जपून ठेवा. वयाने किंवा आवाजाच्या कामाने कान जातो तेव्हा आधी वरचे, बारीक सूर जातात. इथे उलटं झालंय, खालचे जाडे सूर पडलेत आणि वरचे शाबूत आहेत. २५० आणि ५०० या दोन्ही जागी डाव्यापेक्षा ३५ डेसिबलचा फरक आहे. निदानाच्या निकषात लागोपाठच्या दोन जाड्या सुरांवर किमान ३० चा फरक धरतात. चक्कर २० मिनिटं ते १२ तास, ती दोन किंवा जास्त वेळा, आणि त्याच कानात दडे, आवाज, ऐकण्यातला चढउतार. तुमच्याकडे हे सगळं आहे. बारा दिवसांत आलेख वर आला, म्हणजे कान अजून सावरतोय. पुढे पुढे तो पूर्ण सावरत नाही, म्हणून अटॅकच्या दिवसांत जमेल तेव्हा तपासणी करून घ्या.

एमआरआय मात्र टाळू नका. एकाच बाजूचा कान मंदावतो तेव्हा ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे एकदा पाहावंच लागतं. ती क्वचितच निघते, पण ऑडिओग्रामवरून तिची शक्यता संपत नाही.

आणि सैंधवातही सोडियमच असतं, जवळपास तितकंच.

शंकासूर
बीटाहिस्टीनबद्दल कोणी बोलतच नाही. २०१६ मध्ये जर्मनीतला एक अभ्यास आला होता, २२१ रुग्ण, नऊ महिने. काहींना दिवसाला ४८ मिलिग्रॅम, काहींना १४४, काहींना नुसती साखरेची गोळी. तिन्ही गटांत अटॅक सारखेच कमी झाले. १६ तीन वेळा म्हणजे ४८च. मग गोळ्या कशाला?

कर्णोपकर्णी
अभ्यास खरा आहे. पण त्यातलं 'तिन्ही गटांत कमी झाले' हेही वाचा. हा आजार स्वतःच भरती-ओहोटीने चालतो, म्हणून एखाद्याला कशाने बरं वाटलं ते सांगणं अवघड जातं. आमच्याकडचे डॉक्टर तरीही ही गोळी देतात, कारण ती फारशी बाधत नाही. दम्याचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. तीन महिन्यांत वहीत फरक दिसला नाही तर 'चालूच ठेवायची का' हे विचारायला हरकत नाही.

वही म्हणजे तारीख, किती वेळ गरगरलं, कोणता कान, आदल्या दिवशी काय खाल्लं, झोप किती. निर्णय तिच्यावर होतात. मिठाचंही तसंच. पुरावा कच्चा आहे, पण आतल्या कानातल्या पाण्याचा दाब एकसारखा राहावा म्हणून दिवसाला दीड ते दोन ग्रॅम सोडियमवर राहायला सांगतात. एक चमचा मिठातच साधारण २.३ ग्रॅम सोडियम येतं. भाजीतलं मीठ सगळे मोजतात, पापड, लोणचं, फरसाण कोणी मोजत नाही. एक दिवस अळणी आणि दुसऱ्या दिवशी मिसळ, असं करू नका.

मोगरी
दुपारी डब्यासोबत रोज फरसाण असतंच. अटॅक आला की पहिल्या डॉक्टरांची प्रोक्लोरपेराझिन देतो, त्याने उलट्या थांबतात. आता तो म्हणतो रोजच एक घेतो, म्हणजे अटॅक येणारच नाही.

कर्णोपकर्णी
अटॅकपुरतीच, एक-दोन दिवस. ती अटॅक टाळत नाही, फक्त मेंदूला झोपवते. रोज घेतली तर तोल सावरायला मेंदू शिकतच नाही, आणि महिनोन्महिने घेतल्यावर हातपाय कापायला लागलेले रुग्ण आम्ही पाहतो. बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातातली ताकद गेली, तर मात्र गोळी देत बसू नका, थेट दवाखाना गाठा. तो कानाचा त्रास नसतो.

निळावंती
माझं लग्नाआधीपासून आहे, डावा कान. गोळ्या, पाणी उतरवायच्या गोळ्या, सगळं झालं. मग पडद्यातून स्टिरॉइडची इंजेक्शनं, त्याने काही महिने बरे गेले. शेवटी जेन्टामायसिन. चक्कर बंद झाली, पण त्यानंतर महिनाभर जमीन गादीसारखी वाटायची आणि अंधारात अजूनही कठडा धरते. त्या कानाने आधीच काही येत नव्हतं म्हणून मी तयार झाले. लगेच तेच मागा, मोकळे व्हाल.

कर्णोपकर्णी
निळावंती, तुमच्या कानासाठी तो निर्णय बरोबर होता. जेन्टामायसिन त्या बाजूची तोलाची पेशीच मारते आणि ऐकू येणंही जाण्याचा धोका असतो. यांचा कान अजून परत येतोय. २०१६ मध्येच लंडनमध्ये स्टिरॉइड आणि जेन्टामायसिन समोरासमोर ठेवून पाहिले, चक्कर कमी करण्यात फारसा फरक निघाला नाही. म्हणून इंजेक्शनची वेळ आलीच तर आधी स्टिरॉइडबद्दल विचारा. काही डॉक्टर याच्याशी सहमत नसतात, हेही खरं.

मोगरी
एमआरआयची वेळ घेते. एक राहिलंच. परवा चक्कर नसताना एकदम गुडघ्यातून खाली बसला, कोणी ढकलल्यासारखा. शुद्ध होती, लगेच उठला. हे वेगळं काही आहे का? सोमवारी शिडीवरचं काम आहे.

कर्णोपकर्णी
सोमवारचं काम दुसऱ्याला द्या. या आजारात काहींना असं होतं, आधी काहीही कळत नाही. पण कानाचं म्हणून सोडून देऊ नका, हृदयाचा ठोका चुकल्यानेही माणूस असा खाली बसतो. डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि ईसीजी काढायचा का ते विचारा. तोवर शिडी आणि मोटारसायकल दोन्ही बंद.

तात्या_कऱ्हाडकर
सैंधवात सोडियम असतं हे पटत नाही. आयुर्वेदात पथ्यकर सांगितलंय.