ताऱ्याची दिशा वर्षात किती सरकते, एक आर्कसेकंद का वीस?

रामदासपेठवाला: पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तारा वर्षभरात थोडा हललेला दिसतो. मी म्हणतो एक आर्कसेकंदाहून कमी, मित्र म्हणतो वीस. कोण बरोबर? आणि मोजता येते का?

वर्धारोड_दुर्बीण: एकाहून कमीच. मित्र कुठंतरी दशांश चुकवून राहिला. सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा, त्याचा पॅरलॅक्स ०.७७. बेसेलनं १८३८ मधे ६१ सिग्नीचा काढला तो ०.३१ च्या आसपास. तारा जितका दूर तितका कोन बारीक, मग वीस येणार कुठून?

धंतोली_फिजिक्स: पॅरलॅक्सचे आकडे बरोबर आहेत भाऊ, पण सरकणं दोन कारणांनी होतं आणि तुम्ही एकच धरलं. पॅरलॅक्स पृथ्वीच्या जागेमुळे, अ‍ॅबरेशन पृथ्वीच्या वेगामुळे. पावसात स्कूटर पळवली की सरळ पडणारे थेंब समोरून आल्यासारखे वाटतात ना, तसाच ताऱ्याचा प्रकाश आपल्या जाण्याच्या दिशेकडून येतोय असं वाटतं. पृथ्वीचा वेग सेकंदाला २९.८ किमी, प्रकाशाचा २,९९,७९२. भागलं की ०.००००९९४ रेडियन, आणि एका रेडियनमधे २,०६,२६५ आर्कसेकंद, म्हणजे साडेवीस. यात ताऱ्याचं अंतर कुठंच आलं नाही, जवळचा असो की दूरचा, आकडा तोच. सहा महिन्यांनी वेग उलटा होतो म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत ४१.

वर्धारोड_दुर्बीण: कागदावर ठीक आहे ताई, पण हे पॅरलॅक्स नाही हे ओळखायचं कसं? दोन्हीचा पिरियड एक वर्षच.

धंतोली_फिजिक्स: महिना बघून. लंडनजवळ क्यू इथं हौशी निरीक्षक मॉलिन्यूच्या घरी चिमणीला साधारण २४ फुटांची दुर्बीण उभी टांगली होती, तो आणि खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडली गॅमा ड्रॅकोनिस हा तारा बघत होते, कारण तो तिथे जवळजवळ डोक्यावरून जातो आणि डोक्यावर वातावरणाचं वक्रीभवन नडत नाही. शोधत होते पॅरलॅक्सच. त्या हिशोबानं तारा डिसेंबरात दक्षिणेच्या टोकाला असायला पाहिजे होता. पण १७२५ च्या डिसेंबरात तो दक्षिणेकडे सरकतच राहिला, मार्चमधे सुमारे २० सेकंद खाली जाऊन थांबला, जूनमधे परत डिसेंबरच्या जागी, सप्टेंबरात तितकाच उत्तरेला. पूर्ण तीन महिन्यांचा, म्हणजे पाव फेरीचा फरक, आणि पृथ्वीचा वेग तिच्या जागेच्या काटकोनातच असतो, म्हणजे जागेचा नाही, वेगाचा परिणाम. हे ब्रॅडलीला १७२८ मधे उमगलं. त्या ताऱ्याचा खरा पॅरलॅक्स ०.०२ च्या आसपास आहे, तो त्या दुर्बिणीत दिसणंच शक्य नव्हतं.

उमरेडचा_फोटोग्राफर: मला नाही पटत. मी स्वातीचे फोटो फेब्रुवारीत घेतले, मग ऑगस्टमधे, बाजूचे बारीक तारे जुळवून एकावर एक ठेवले. ४१ सेकंद म्हणजे माझ्या सेटअपमधे कितीतरी पिक्सेल होतात, एकही हलला नाही. तारा हलत असता तर दिसला असता ना बे!

धंतोली_फिजिक्स: बाजूच्या ताऱ्यांशी जुळवलं तिथंच गेलं. तेही त्याच दिशेनं जवळजवळ तितकेच सरकले, अख्खी चौकट सरकली. एक अंशाच्या फोटोत दोन टोकांमधला फरक जास्तीत जास्त ०.३६ सेकंद, तो नागपूरच्या हवेच्या थरथरीत बुडतो. याला आकाशातला आधार चालत नाही, जमिनीवरचा लागतो, ओळंबा किंवा पारा. बाकी फोटो टाकू नका, स्वाती स्वतःच वर्षाला २.३ सेकंद सरकतो, चार-पाच वर्षांनी तो फरक तुमच्याच फोटोत दिसेल.

उमरेडचा_फोटोग्राफर: मग गच्चीवर पाइप उभा करून ओळंबा लावतो. स्वाती आपल्या डोक्यापासून दोनच अंश दक्षिणेला जातो.

धंतोली_फिजिक्स: करा, पण आधी हिशोब बघा. साडेवीस सेकंद म्हणजे एक मीटर पाइपच्या टोकाला ०.१ मिलिमीटर. मे महिन्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री निवताना पाइप त्याहून जास्त वाकवेल. मॉलिन्यूची दुर्बीण इतकी लांब होती म्हणून त्यांना पाऊण मिलिमीटर तरी मिळत होता.

वर्धारोड_दुर्बीण: बरं, वीस मान्य. पण "पृथ्वी फिरते याचा पुरावा" म्हणाल तर मी अडतो. अख्खी सूर्यमाला आकाशगंगेत सेकंदाला सव्वादोनशे किमीच्या आसपास पळतेय, त्याचं अ‍ॅबरेशन अडीच आर्कमिनिटांहून जास्त होईल, ते का नाही दिसत?

धंतोली_फिजिक्स: कारण तो वेग वर्षभर तसाच राहतो, तारा कायमचाच सरकलेला आहे आणि न सरकलेला आपण कधी पाहिलाच नाही. दिसतो तो फक्त बदल. आणि वर्षाच्या ठेक्यात बदलणारा वेग पृथ्वीचाच आहे, पुरावा म्हणून मला तेवढं पुरतं.

वर्धारोड_दुर्बीण: मला नाही पुरत. ताऱ्याची "खरी" दिशा कोणती हेच ठरत नसेल तर आपण कशापासूनचा कोन सांगतोय?

रामदासपेठवाला: म्हणजे मी पॅरलॅक्सचा सांगत होतो आणि मित्र अ‍ॅबरेशनचा. त्याला हा धागा पाठवतो.