जमिनीवर पडलेली आपलीच सावली: काढावी की राहू द्यावी?

आडवाट
सकाळी सूर्य पाठीशी घेऊन आटलेल्या तळ्याचा फोटो काढला. १६ एमएम लेन्स, कॅमेरा ट्रायपॉडवर दीड मीटर उंच, सूर्य क्षितिजापासून वीसेक अंश वर. समोरच्या भेगाळलेल्या चिखलावर माझी आणि ट्रायपॉडची सावली आली आहे. क्लोन करून पाहिलं, पण तिथे धब्बा दिसतो. नीट कशी काढू? आणि मुळात काढावी का?

पाणवठा
काढाच. बघणारा तळं बघायला आलाय, तुम्हाला नाही. पुढच्या वेळी ट्रायपॉड गुडघ्याइतका खाली घ्या. उंची कमी झाली की सावली आखूड होते आणि फ्रेमच्या बाहेर जाते. मी कायम हेच करतो.

तिरपं ऊन
पाणवठा, सावली जमिनीवर आखूड होते हे बरोबर, पण ती फ्रेमच्या बाहेर जात नाही. कॅमेऱ्याची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. सूर्य २० अंश वर असेल तर लेन्सला ती क्षितिजाच्या २० अंश खालीच दिसणार, कॅमेरा दीड मीटरवर असो की अर्ध्या मीटरवर. दीड मीटरवरून ती सुमारे ४.१ मीटर लांब पडते, अर्ध्या मीटरवरून १.४ मीटर. चित्रात मात्र जागा तीच. खाली घेतल्यावर तुम्हीही कॅमेऱ्यामागे वाकता आणि तुमचं डोकं वर डोकावत नाही, त्याचा फायदा तुम्हाला मिळत असणार.

आता आडवाट यांचं गणित. १६ एमएम आडवी धरली आणि क्षितिज मधोमध ठेवलं, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात फ्रेमची खालची कड क्षितिजाच्या जवळजवळ ३७ अंश खाली जाते. सावली २० वर, म्हणजे चांगलीच आत. २४ एमएमला ती कड साधारण २७ वर येते, तरीही आतच. ३५ एमएमला १९ वर येते, तेव्हा कुठे कॅमेऱ्याची सावली काठाबाहेर पडते. वाइडच हवी असेल तर कॅमेऱ्याचं तोंड थोडं वर करा आणि क्षितिज खाली घ्या. नाहीतर चौकट तिरपी लावून सूर्य नेमका पाठीशी येऊ देऊ नका.

चंद्रकोर
माझंही असंच होतं. लग्नाच्या फोटोत लोकांच्या पायांशी माझी सावली येते. मी फ्लॅश मारते, सावली बरीच फिकी होते. तुम्हीही तसंच का करत नाही?

तिरपं ऊन
माणसं दोनतीन मीटरवर असतील तर फ्लॅश मदत करतो. इथे चार मीटर लांब चिखलाचा पट्टा आहे. फ्लॅशचा उजेड जवळ जास्त आणि लांब कमी पडणार, शिवाय सावलीबाहेरची जमीनही उजळणार. निसर्गचित्रात ते लगेच खटकतं.

साक्षी
मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. २०११ साली असोसिएटेड प्रेसने एका मुक्त छायाचित्रकाराशी संबंध तोडले, कारण त्याने फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या फोटोतून स्वतःची सावली क्लोन करून काढली होती. मुलं तीच, मैदान तेच, गेली ती फक्त सावली. तरी त्याचे सगळे फोटो त्यांनी विक्रीच्या संग्रहातून काढून टाकले. तुम्ही उभे होतात, ऊन होतं, सावली पडली. ती पुसली की त्या सकाळी जे नव्हतं ते आम्हाला दाखवताय.

पाणवठा
अहो साक्षी, ती बातमीची संस्था आहे. हा तळ्याचा फोटो भिंतीवर लागणार आहे.

साक्षी
भिंतीवर लावा, माझी हरकत नाही. पण हाच फोटो उद्या तळं आटल्याचा पुरावा म्हणून कुणी वापरला तर? जिथे चिखल बदललाय तिथे भेगाही बदलल्यात. निदान मूळ फाइल ठेवा, आणि काय काढलं ते फोटोखाली लिहा.

तिरपं ऊन
साक्षींचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच मी क्लोन करत नाही. क्लोनमध्ये दुसरीकडच्या भेगा उचलून इथे येतात. त्याऐवजी सावली उजळा. सावलीतल्या चिखलाचं चित्र तुमच्या रॉ फाइलमध्ये आहेच, फक्त त्याला थेट ऊन मिळालेलं नाही. आकाशाचा उजेड मिळालाय, म्हणून ती जागा गडद आणि निळसर दिसते. नेमका त्या जागेचा मास्क करा, दोनेक स्टॉप वर न्या, मग शेजारच्या उन्हाशी जुळेपर्यंत रंग पिवळ्याकडे सरकवा. दोन्ही बाजूंचा चिखल एका नजरेत ठेवून जुळवा, आकड्यावर जाऊ नका.

खरी अडचण कडेची. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे ट्रायपॉडच्या पायाशी सावलीची कड धारदार, आणि कॅमेऱ्याच्या सावलीशी साधारण चार सेंटिमीटरभर विरलेली असते. सगळ्या मास्कला एकच मऊपणा दिलात तर एका टोकाला उजळ रेघ उमटेल, नाहीतर दुसऱ्या टोकाला काळी. मास्क दोनतीन तुकड्यांत करा आणि टोकाकडे जाताना कड मऊ करत न्या.

आडवाट
रात्री बसून केलं. तुमची आणि माझी पद्धत शेजारी ठेवल्यावर फरक कळला. भेगा जागच्या जागी राहिल्या. पण ट्रायपॉडच्या बाजूच्या पट्ट्यात चिखल सपाट दिसतो, वळलेल्या खपल्यांना उठाव नाही.

तिरपं ऊन
उन्हात प्रत्येक खपलीची स्वतःची बारीक सावली असते. तुमच्या सावलीत ती पडलेलीच नाही, मग उजळून ती येणार कुठून? कॅमेऱ्याच्या सावलीच्या आसपास हे खटकत नाही, कारण तिथे बारीक सावल्या खपल्यांच्या मागेच लपतात. जसजसं तुम्ही त्या जागेपासून दूर येता तसा उठाव हवासा वाटतो. तिथे कॉन्ट्रास्ट किंचित वाढवा, तेवढ्यावर भागवा.

पुढच्या वेळी मात्र दोन फ्रेम घ्या. दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हा, म्हणजे तुमची सावली गेली. मग ट्रायपॉडला हात न लावता पंधरा मिनिटांनी तसाच दुसरा फोटो. तेवढ्या वेळात सूर्य पावणेचार अंश सरकतो आणि कॅमेऱ्याची सावली पाऊण फुटाहून जास्त हलते. दुसऱ्या फोटोतला तेवढाच तुकडा पहिल्यावर आणा. भेगा खऱ्या आणि ऊनही खरं.

रानबोर
हे सगळीकडे चालत नाही. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो आणि सरळ खाली उतरतो. सकाळी लवकर पंधरा मिनिटं थांबलात तर सावली बाजूला जवळपास सरकतच नाही, नुसती आखूड होते. कॅमेऱ्याचा ठसा हलेल, पण पायांच्या रेघा एकमेकींवरच येतील. मी हे करून पस्तावलोय.

तिरपं ऊन
बरोबर, मी बाजूला सरकणारी सावली गृहीत धरली होती. मग तिथे टोकासाठी दुसरी फ्रेम आणि रेघांसाठी उजळणं, दोन्ही लागेल.

साक्षी
पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंतलं ऊन एका फोटोत. मला अजूनही ते एका क्षणाचं चित्र वाटत नाही.

आडवाट
साक्षी, मूळ फाइल ठेवली आहे आणि खाली लिहिणारही आहे. एक मात्र राहिलं. जिथे कॅमेऱ्याची सावली होती तिथे आजूबाजूचा चिखल थोडा जास्त उजळ आहे, वाटोळा. सावली गेल्यावर तो उलट जास्तच नजरेत येतो.

तिरपं ऊन
बारीक सावल्या लपल्यामुळे येणारा उजाळा तो हाच. दवाच्या गवतावर तर थेंबही ऊन आल्या दिशेला परत पाठवतात, म्हणून असाच उजाळा डोक्याभोवती लख्ख दिसतो. मी तो किंचित दाबतो, पूर्ण काढत नाही, कारण तो सूर्याचाच आहे.

साक्षी
सावली तरी कुणाची होती?