चर्चा: एव्हीआय म्हणतो ‘सुरक्षित’, एसएडी म्हणतो ‘जास्त’. पोटाच्या चरबीचं कोणतं माप धरायचं?

धरमपेठकर४६: आमच्या कॉलनीत आरोग्य शिबिर झालं. टेपनं माझी कंबर ९४ सेंमी, नितंब ९८. त्यावरून अॅब्डॉमिनल व्हॉल्यूम इंडेक्स, म्हणजे एव्हीआय, १७.७ काढला आणि कागदावर लिहिलं: ‘२४.५ च्या खाली, सुरक्षित’. शेजारच्या टेबलावर मला झोपवून कॅलिपरनं पोटाची उंची मोजली, सॅजिटल डायमीटर की एसएडी की काय ते. ती २३ निघाली, तर म्हणाले जास्त आहे. मेहुण्याची कंबरही ९४च, पण त्याची उंची २०. आता खरं कुणाचं मानू?

अंबाझरी_वॉकर: एव्हीआय माना. त्यात कंबर आणि नितंब दोन्ही येतात आणि उत्तर लिटरमध्ये मिळतं, म्हणजे पोटाचं प्रत्यक्ष आकारमान. झोपवून उंची मोजणं म्हणजे एकाच दिशेचं माप. दोन मापं एकापेक्षा बरी, साधा हिशोब आहे.

मापपट्टी: (शरीरमापनाचं काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.) लिटरबद्दल बरोबर, पण ते पोटाचे लिटर आहेत, चरबीचे नाहीत. आतडी, यकृत, स्नायू सगळं त्यात आलं. आणि ‘दोन्ही येतात’ हे कागदावरच खरं आहे. सूत्र बघा, W म्हणजे कंबर, H म्हणजे नितंब:

```
AVI = (2*W^2 + 0.7*(W-H)^2) / 1000
```

९४ आणि ९८ घाला. पहिल्या भागातून १७,६७२ येतात, दुसऱ्यातून फक्त ११. आता नितंब ९८ ऐवजी ११० धरा, म्हणजे माणूसच वेगळा झाला. तरी इंडेक्स १७.६८ वरून १७.८५ वर जातो, बस. उलट कंबर एक सेंटिमीटर वाढली तर तो ०.३७ नं वाढतो. म्हणजे नितंबातला बारा सेंटिमीटरचा फरक कंबरेच्या अर्ध्या सेंटिमीटरलाही पुरत नाही. त्यातही दिशा उलटी आहे. कंबर तेवढीच असताना नितंब रुंद असणं साधारणपणे चांगलं मानतात, आणि हे सूत्र त्यासाठी आकडा वाढवून देतं! एव्हीआय म्हणजे कंबरेचा वर्गच, थोडा सजवलेला. टेपला जे माहीत नाही ते यालाही माहीत नाही.

आता ‘सुरक्षित’चं. हा इंडेक्स २००३ मध्ये मेक्सिकोतल्या संशोधकांनी मांडला. २४.५ ही सीमा तिथल्या लोकांमधली, साखरेच्या बिघाडाशी जोडलेली. सूत्र उलटं फिरवलं की २४.५ म्हणजे जवळपास ११० सेंमी कंबर होते. भारतीय पुरुषासाठी धोक्याची कंबर ९० पासून धरतात, तिचा एव्हीआय १६.२. तुमचा १७.७. म्हणजे तुम्ही रेषा ओलांडलेली आहे, शिबिरवाल्यांनी दुसऱ्या देशातली रेषा दाखवली.

सक्करदऱ्याचा_भाऊ: काहून एवढं डोकं लावता बावा? मी पण घरी मोजलं. रात्री सावजी हाणलं, गादीवर पडलो, बायकोनं छातीवर पुस्तक ठेवून पट्टी लावली, २७ आलं. सकाळी २४. तीन सेंटिमीटर चरबी रात्रीतून गेली का? फालतू माप आहे.

मापपट्टी: भाऊ, पुस्तक पोटावर हवं, छातीवर नाही. 🙂 आणि गादी नको. पाठ आत रुतली की पट्टी कुठून लावायची तेच ठरत नाही. कडक टेबल किंवा सतरंजीवर पाठीवर झोपायचं, गुडघे वर, तळवे टेकलेले. गुडघे वर घेतले की कंबरेखालची पोकळी बसते आणि पाठ टेकते. पाय सरळ ठेवले तर ती पोकळीही मापात येते. माप कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीवर घ्यायचं, बेंबी बघून नाही. सुटलेल्या पोटात बेंबी खाली सरकते. साधा श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता, कॅलिपरची वरची दांडी कातडीला टेकेल इतकीच आणायची, दाबायची नाही. कॅलिपर नसेल तर सुताराचा गुण्या आणि लेव्हलची पट्टी चालते. दोनदा मोजा, एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर परत. आणि उपाशीपोटी. तुमच्या त्या २७ मध्ये जेवण, गॅस, गादी सगळं आलं.

धरमपेठकर४६: पण झोपूनच का? उभं राहून पोट जास्त दिसतं.

मापपट्टी: म्हणूनच. झोपल्यावर कातडीखालची मऊ चरबी दोन्ही बाजूंना ओघळते. आतड्यांभोवतीची चरबी पोटाच्या भिंतीच्या आत कोंडलेली असते, ती ओघळत नाही, पोट वर उचलून धरते. टेप दोन्ही चरबी एकत्र वेढते, उंची आतल्या चरबीकडे जास्त झुकते. पूर्ण वेगळं करते असं नाही, समोरची कातडीखालची चरबीही थोडी मोजली जातेच. पण तुमची आणि मेहुण्याची कंबर सारखी असून उंचीत तीन सेंटिमीटरचा फरक आहे, तो एव्हीआयला कधीच दिसला नसता.

डॉक्टरकाका_महाल: दिसून करायचं काय? मी चाळीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. दोघांची कंबर नव्वदच्या वर, दोघांना सल्ला एकच. एसएडीची भारतीय सीमा सर्वमान्य आहे का? पुरुषांना २२, बायकांना २० हे आकडे स्वीडनमधले. मेक्सिकोची रेषा चालत नाही, मग स्वीडनची कशी चालते, ताई?

मापपट्टी: हा मुद्दा खरा. आपल्यासाठी ठरलेली रेषा नाही, २३ ला ‘जास्त’ म्हणणाऱ्यांनीही ते सांगायला हवं होतं. पण सीमा नसणं आणि माप निरुपयोगी असणं वेगळं. अमेरिकेनं राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २०११ ते २०१६ हे माप घेतलं, ते काही गंमत म्हणून नाही. मी एसएडी ‘पास-नापास’साठी वापरत नाही. टेप जिथे दोघांना सारखंच दाखवते, तिथे आधी कुणाच्या रक्ततपासणीच्या मागे लागायचं, एवढ्यापुरतं.

अंबाझरी_वॉकर: कंबरेचा वर्ग करून काहीच मिळत नाही, असंही नाही ना? मोठ्या पोटातला फरक जास्त ठळक दिसतो.

मापपट्टी: ठळक दिसतो, क्रम बदलत नाही. ज्याची कंबर मोठी तोच पुढे.

डॉक्टरकाका_महाल: रक्ततपासणी दोघांचीही करायचीच. चाळिशी पार आणि कंबर नव्वदच्या वर, म्हणजे उपाशीपोटीची साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड. त्याला कॅलिपर कशाला? आणि टेप प्रत्येक आशाताईच्या पिशवीत मावते.

धरमपेठकर४६: साखर आहे माझ्याकडे, त्याच शिबिरातली. माझी १०८, मेहुण्याची ९२.

सक्करदऱ्याचा_भाऊ: घ्या! ताई जिंकल्या.

डॉक्टरकाका_महाल: दोन माणसांवर कोणी जिंकत नसतं. मेहुण्याचं वय काय?

धरमपेठकर४६: एकतीस.

डॉक्टरकाका_महाल: मग झालं. पंधरा वर्षांचा फरक आहे. तो वयाचा आकडा आहे, उंचीचा नाही.

मापपट्टी: वयाबरोबर चरबी कातडीखालून आत सरकते, काका. टेप तीच राहते आणि उंची वाढते. तुम्ही ज्याला वय म्हणताय, त्यातलाच एक भाग मी मोजतेय.

डॉक्टरकाका_महाल: मग वय विचारणं फुकट आहे, कॅलिपर विकत. धरमपेठकर, १०८ वर थांबू नका, एचबीएवनसी करून इथे टाका. पुढचं मग भांडू.