चिनी 'शिंग' म्हणजे नाव की आडनाव?

रेवा: चेंगडूची एक मुलगी माझी लँग्वेज एक्स्चेंज पार्टनर झाली आहे. ती हिंदी शिकते, मी चिनी. ओळख म्हणून मी तीन वाक्यं पाठवली:
वो शिंग रेवा.
वो गोंगझुओ झाय पुणे.
वो शीह्वान कान शू. (मला वाचायला आवडतं.)
तिने पहिल्याच वाक्याला विचारलं, "रेवा तुझं आडनाव आहे का?" क्लासच्या वहीत तर 'शिंग = नाव' असं स्वच्छ लिहिलंय. कोण बरोबर?

तात्या: आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना चिनी लोक 'खऽ तीह्वा' म्हणतात. कोटणीस हे आडनाव. म्हणजे तिकडे आडनाव हेच नाव. वही बरोबर.

नीलांबरी: तात्या, उदाहरण उत्तम, निष्कर्ष नाही. कोटणीसचे तुकडे करून चिनी घाटाचं नाव बनवलंय. 'खऽ' आडनावाच्या जागी, म्हणजे आधी. शेवटचं 'ह्वा' म्हणजे चीन. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावात ते आहे, नागपूरच्या चोळकरांच्यासुद्धा.
रेवा, पार्टनर बरोबर. 'शिंग'पुढे फक्त आडनाव येतं. तुला हवं ते 'च्याव': वो च्याव रेवा. त्याच्यापुढे पूर्ण नावही चालतं. तुला कोणी अदबीने 'नीन् क्वेइ शिंग?' विचारलं, तर उत्तरात आदराचं 'क्वेइ' गाळायचं. आपण 'माझं शुभनाव रेवा' म्हणत नाही, तसंच.

बंड्या_दुबई: मी जपानी शिकलो होतो, तिथे 'वाताशी वा' म्हटलं की काम भागतं. चिनीत का नाही?

नीलांबरी: कारण ती जपानी आहे.
दुसरं वाक्य इंग्रजीवरून आलंय. मराठीत 'मी पुण्यात काम करते', जागा आधी आणि क्रियापद शेवटी. चिनीतही इथे तोच क्रम: वो चाइ फूना ई च्या कुंग्स् कुंग्च्वो, मी पुण्यात एका कंपनीत काम करते. फरक इतकाच की आपला 'त' शब्दाच्या शेवटी लागतो, त्यांचं 'चाइ' शब्दाच्या आधी. थेट मराठीतून गेली असतीस तर बरोबर आलं असतं.

रेवा: फूना?? आणि 'गोंगझुओ'चं 'कुंग्च्वो' कसं झालं?

नीलांबरी: रोमन अक्षरं फसवतात. त्यांचा g हा आपला क, k हा ख. B हा प आणि p हा फणसातला फ. फॅनमधला नव्हे! म्हणून पुण्याचं फूना. z साठी झ नको, 'चमचा'तला च घे. j साठी 'चिमटा'तला. हिंदीवाल्यांकडे यातला एकच च आहे, आपल्याकडे दोन्ही.

अण्णा_रत्नागिरी: आणि x म्हणजे शहामृगाचा श, sh म्हणजे पोटफोड्या ष. आपल्या लिपीत सगळं आहे!

नीलांबरी: लिपीत आहे, तोंडात नाही. 'षटकोन' मोठ्याने म्हणा बघू. जीभ वळून टाळूकडे जायला हवी, आपण सगळे सरळ श म्हणतो. 'खान् षू'मधल्या षू-ला ती वळवावीच लागते.

शुद्धमती: मूळ चर्चा बाजूला राहिली तरी विचारते, 'लँग्वेज एक्स्चेंज पार्टनर' हे काय? 'भाषासोबती' म्हणा की.

बंड्या_दुबई: सोबती म्हटलं की लग्नाची जाहिरात वाटते.

शुद्धमती: तुम्हाला वाटते. 'खेळातला सोबती' म्हणताना कोणाला वाटते?

रेवा: मी तिला 'मैत्रीण' म्हणते, ठीक आहे ना? आवडीचं राहिलं. एका पुस्तकात 'वो त आय्हाव ष खान् षू' आहे. 'शीह्वान' बरं की हे?

नीलांबरी: दोन्ही बरोबर. 'माझा छंद वाचन आहे' आणि 'मला वाचायला आवडतं' यात बोलताना तू कोणतं म्हणशील? शीह्वानच ठेव, फक्त 'मला'साठी वेगळं रूप शोधू नकोस, साधा 'वो' पुरतो. 'आय्हाव' वापरलंस तर 'हाव' झपकन खाली आणायचा. 'नी हाव'मधल्या हावचं चित्राक्षर तेच आहे, पण तिथला सूर खालचा, शेवटी उठणारा. नवशिके दोन्हीकडे नमस्कारातलाच सूर लावतात.

तात्या: रेवाचं चिनी नाव काय होईल? शेवटी ह्वा लावा.

नीलांबरी: परक्या र-ला तिथे सहसा ल मिळतो, रोमचं 'ल्वोमा' झालंय. व-चा व राहील. म्हणजे 'लेइवा'सारखं काही. पण अक्षरं चेंगडूच्या मुलीलाच निवडू दे, अर्थ चांगले-वाईट असतात.

अण्णा_रत्नागिरी: 'चमचा'चा च लिहिताना खाली नुक्ता द्यावा का? म्हणजे गोंधळच नको.

शुद्धमती: नुक्ता मराठीत कुठून आला आता?