मदत हवी आहे: कोकमाच्या बिया विकाव्यात की तेल काढावं?

कुडाळजवळ आमचा आमसुलाचा छोटा धंदा आहे. 1,000 किलो रातांबे आणून फोडेपर्यंत 28,000 रुपये लागतात. त्यातून 500 किलो साल आणि 200 किलो ओल्या बिया निघतात. हिशेबनीसांनी हा खर्च वजनावर वाटला, म्हणजे बियांवर 8,000 रुपये आले.

वाळून 80 किलो होणाऱ्या बिया तशाच विकल्या तर 4,800 मिळतात. तेल काढलं तर 20 किलो, 400 च्या भावाने 8,000. फोडणं, कुटणं, कढवणं याचा जादा खर्च 2,600. वाळवणीची मजुरी दोन्हीकडे सारखीच, म्हणून धरलेली नाही. हिशेबनीस म्हणतात, तेलात 2,600 तोटा, बंद करा. पण त्यांच्याच वाटणीने नुसत्या बिया विकण्यातही 3,200 तोटा दिसतो! रातांबा फोडल्यावर 28,000 तर गेलेच, म्हणून मी फक्त जादा 3,200 उत्पन्न आणि 2,600 खर्च बघतो: 600 फायदा.

त्या 2,600 मधले 900 हे पावसाळ्यात काम नसतानाही द्यावा लागणारा कायम बाईंचा पगार आहे. तो वगळून फायदा 1,500 धरावा का? आणि मार्चअखेर आमसुलाच्या साठ्याची किंमत काढताना 28,000 मधून बियांचे 4,800 वजा करायचे की तेलाचे निव्वळ 5,400?