मदत हवी आहे: रविवारच्या फोननंतर रडणारा सहावीतला मुलगा
नवोदयमध्ये सहावीत आलेल्या मुलाचा हा तिसरा आठवडा. दिवसभर खेळतो, जेवतो. पण रविवारी रात्री ८ ला आईशी बोलला की उशीत तोंड खुपसून रडतो आणि सोमवारी सकाळी पोट धरून बसतो. फोन संपताच अंथरूण, मग आठवण ओसरणार कधी? म्हणून आता फोन दुपारी ४ ला, १० मिनिटं, आणि लगेच मैदान. 'करमत नसेल तर घेऊन जाते' असं म्हणू नका, हे आईंना सांगितलंय. त्या आशेवर पोर रुळतच नाही.

वसतिगृह सांभाळणाऱ्यांनो, पालकांची पहिली भेट आत्ताच होऊ द्यावी की दोन आठवडे थांबावं? जेवण सुटलं किंवा अंथरूण ओलं होऊ लागलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे नेऊ.