आधी उठायची वेळ धरा

> "दुपारी बारापर्यंत अंथरुणातच असतो. झोप झालेली असते, पण उठलं की सगळं आठवतं म्हणून पुन्हा पांघरूण ओढतो. रात्री तीनपर्यंत टक्क जागा. सुरुवात कुठून करू?"

उठण्यापासून. लवकर झोपायचा प्रयत्न मीही केला होता, नुसता कूस बदलत पडलो. बाराला उठलेल्याला अकराला झोप येणार कशी? दिवसभराच्या जागेपणानेच रात्रीची झोप साठते.

गेल्या पावसाळ्यात नोकरी सुटली तेव्हा माझंही हेच. साडेअकराला उठायचो, म्हणून गजर अकराचा लावला, एकदम सातचा नाही. तीन-चार दिवस जमलं की अर्धा तास अलीकडे. रात्री कितीही उशीर होवो, वेळ तीच, रविवारीसुद्धा. साडेसातवर यायला महिना लागला.

फोन स्वयंपाकघरात, ओट्यावर. तो बंद करायला गेलो की तिथेच चहाचं आधण ठेवायचं आणि कप घेऊन बाल्कनीत. मग कचराळी तलावाला दोन फेऱ्या. मूड येण्याची वाट पाहायची नाही, तो फेरीनंतर येतो (आला तर). सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं, ढगाळ असलं तरी.

पहिला आठवडा डोकं जड राहतं. खरा घात दुपारी होतो. मी पलंगावर गादीची वळकटी करून ठेवायचो. डुलकी खुर्चीत, वीस मिनिटं, तीनच्या आत.

दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. जगणं नकोसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, १४४१६, लगेच. मराठीतही बोलतात.